संडासाच्या भांड्यात साप: तो आला कुठून आणि करायचं काय

भांड्यात साप दिसला की हात आपोआप फ्लशकडे किंवा बादलीकडे जातो. तेवढं मात्र करू नका. साप पाण्याबरोबर वाहून जात नाही. पाण्याचा लोंढा आला की तो भांड्याखालच्या वाकड्या नळीत शिरतो, वळणाच्या भिंतींना अंग दाबून धरतो आणि लोंढा ओसरला की एक तर पुन्हा वर येतो, नाही तर मागच्या चेंबरमध्ये निघून जातो. समोर दिसत असलेला, पकडता आला असता असा साप आपणच दिसेनासा करतो, आणि मग तो आत आहे की गेला हे सांगता येत नाही. तो आज परत गेला तरी वाट त्याला मोकळीच असते.

ॲसिड, फिनेल, रॉकेल किंवा उकळतं पाणी ओतणं त्याहून वाईट. भाजलेला साप पळायला बघतो, आणि त्याला पळायला दोनच दिशा असतात: खाली पाइपात किंवा वर तुमच्याकडे. वळणात अडकून मेला तर तिथंच कुजतो, लाइन तुंबते आणि शेवटी भांडं उखडावं लागतं. आधीच ब्लीचिंग पावडर टाकलेली असेल आणि त्यावर ॲसिड पडलं तर क्लोरीन वायू सुटतो. चार फुटांच्या बंद खोलीत तो सापापेक्षा जास्त घातक आहे. उकळत्या पाण्याने चिनी मातीच्या भांड्याला तडा जातो तो वेगळाच.

मग करायचं काय? मागे सरा. दिवा चालू ठेवा, दार लावून घ्या आणि दाराखालच्या फटीत बाहेरून ओला टॉवेल घट्ट कोंबा. कमोड असेल आणि लांब दांड्याच्या झाडूने दुरूनच झाकण पाडता येत असेल तर पाडा. त्यासाठी भांड्यावर वाकू नका. घरात दुसरं माणूस असेल तर त्याने बाहेरच्या खिडकीतून किमान सहा-सात फुटांवरून नजर ठेवावी, कारण सर्पमित्र आल्यावर पहिला प्रश्न हाच विचारतो: साप अजून दिसतोय का, आणि दिसेनासा झाला तर कुठल्या बाजूला? लांबून एखादा फोटो निघाला तर काढा. घरातला दुसरा संडास त्याच लाइनवर असेल तर तोही तेवढा वेळ वापरू नका, त्यात पाणी ओतू नका.

महाराष्ट्रात वन विभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे. तिथून जवळच्या बचाव पथकाशी किंवा सर्पमित्राशी गाठ घालून देतात. स्थानिक सर्पमित्राचा नंबर आधीच फोनमध्ये असलेला उत्तम. साप पकडून गळ्यात घालणारा, मुलांच्या हातात देणारा, फण्यासमोर व्हिडिओ काढणारा माणूस मात्र बोलावू नका. त्याच्यासोबत तुम्हीही धोक्यात येता. आणि सापाला मारणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, तो विषारी असो वा बिनविषारी.

पाणी वास अडवतं, साप अडवत नाही

संडासाच्या भांड्याखाली नळीला एक वळण असतं, त्याला ट्रॅप म्हणतात. त्या वळणात कायम थोडं पाणी साठून राहतं. शहरी भांड्यात या पाण्याची खोली साधारण ५० मिलिमीटर, म्हणजे दोन इंच असते. ग्रामीण शौचालयांसाठी जी जास्त उताराची भांडी बसवतात, त्यात ती फक्त २० मिलिमीटर ठेवलेली असते, कारण तिथं तांब्या-दोन तांब्यांत मैला पुढे गेला पाहिजे. हे पाणी गटाराचा वास आणि झुरळं अडवण्यासाठी आहे. कित्येक मिनिटं श्वास रोखून पोहणाऱ्या सापाला दोन इंचांची बुडी म्हणजे अडथळाच नाही. उंदीरही तसाच येतो. त्यामुळे ‘भांड्यात पाणी आहे, मग साप कसा आला’ हा प्रश्न मुळातच चुकतो. विचारायला हवं ते असं: पाइपाच्या दुसऱ्या टोकाला तो शिरला कुठून?

भांड्यातून निघालेला चार इंची पाइप भिंतीबाहेर चेंबरमध्ये उघडतो, तिथून सेप्टिक टँकमध्ये किंवा गटाराच्या लाइनमध्ये जातो. ही सगळी लाइन खरं तर बंद असायला हवी. प्रत्यक्षात चेंबरच्या फरशीचा कोपरा फुटलेला असतो. झाकण आणि चौकट यांच्यात बोटभर फट असते. पाइप जिथं चेंबरच्या भिंतीत घुसतो तिथलं सिमेंट निघालेलं असतं. जुनं बांधकाम पाडताना एखादा पाइप कापून तसाच उघडा सोडलेला असतो. सेप्टिक टँकच्या हवेच्या नळीवरची टोपी वाऱ्याने उडालेली असते, आणि टँकचं जादा पाणी नेणारा पाइप सरळ नाल्यात किंवा परसात उघडा पडलेला असतो. या सहा जागांपैकी एक जरी मोकळी असली तरी वाट तयार होते.

आणि वाट काढून देतात ते उंदीर आणि घुशी. चेंबरभोवतीची माती पोकळ करून त्या आत शिरतात, कारण आत ओल असते, खायला मिळतं आणि मांजर नसतं. धामण आणि नाग उंदरांच्या बिळातून त्यांच्या मागोमाग जातात. बेडकांच्या मागे दिवड जाते. साप मुद्दाम संडास शोधत येत नाही. भक्ष्याच्या मागे बिळात शिरतो, बीळ चेंबरमध्ये उघडतं, चेंबरमधून अंधारा, ओला पाइप जातो, आणि पाइपाच्या शेवटी तुमचं भांडं असतं. पावसाळ्यात बिळं पाण्याने भरली की हे जास्त घडतं, त्यातच अंड्यांतून निघालेली करंगळीएवढी पिल्लं याच दिवसांत फिरतात आणि त्यांना अर्ध्या इंचाची फटही पुरते.

गावाकडच्या दोन शोषखड्ड्यांच्या शौचालयात आणखी एक गोष्ट आहे. खड्ड्याचं वीटकाम मुद्दाम जाळीदार ठेवलेलं असतं, कारण पाणी जमिनीत मुरलं पाहिजे. ही रचना योग्यच आहे, त्या जाळ्या बुजवू नका. पण खड्ड्याभोवतीची माती नीट दाबलेली नसेल तर घुशी त्या जाळीपर्यंत पोहोचतात. तिथं इलाज खड्ड्याबाहेर करायचा: कडेने माती भरून ठोकून घ्यायची, पावसाचं पाणी वाहून जाईल असा उतार द्यायचा आणि सध्या बंद असलेल्या खड्ड्याकडे जाणारं पाइपाचं तोंड मधल्या छोट्या चेंबरमध्ये पक्कं बंद ठेवायचं. ते तोंड बरेच जण उघडं सोडतात.

पाइपातूनच आला असं नाही

भांड्यात दिसला म्हणजे पाइपातूनच आला, असं धरून चालू नका. कितीतरी वेळा साप दाराखालून, खिडकीतून किंवा एक्झॉस्ट पंख्याच्या भोकातून आलेला असतो, गारव्याला पाण्याशी जातो आणि घसरून भांड्यात पडतो. कमोडच्या गुळगुळीत, उभ्या कडेवर त्याला पकड मिळत नाही, म्हणून तो पाण्यात शिरून लपतो. वरच्या मजल्यावर तर आधी हाच संशय घ्यावा. कोरड्या, गुळगुळीत, उभ्या प्लास्टिक पाइपातून सापाला तीन मजले चढणं फार अवघड. खडबडीत बाहेरची भिंत, वेल, खिडकीला टेकलेली झाडाची फांदी चढणं त्याला सोपं. कवड्या साप तर पालींच्या मागे भिंतीवर सहज चढतो आणि बाथरूमच्या खिडकीतून आत येतो.

कुठून आला हे ओळखायला एक सोपा उपाय आहे. साप नेल्यावर त्या रात्री खिडकीच्या कट्ट्यावर, दाराच्या उंबऱ्याशी आणि बाहेर चेंबरच्या झाकणाभोवती रांगोळीची पूड पातळ पसरा. पीठ नको, ते उंदीर खातात. सकाळी चेंबरभोवती उंदरांच्या पावलांच्या खुणा किंवा नागमोडी रेघ दिसली तर वाट बाहेरून लाइनमध्ये आहे. कट्ट्यावर पुसल्याची खूण असेल तर दुरुस्ती खिडकीची करायची. दोन्हीकडे काही नसेल तर चार-पाच रात्री हेच करा.

मोरीच्या जाळीतून येणारा बारीक ‘साप’

पावसाळ्यात बाथरूमच्या जाळीतून काळसर, गांडुळासारखं काहीतरी वर येतं आणि घर घाबरतं. तो बहुतेक वेळा वाळा असतो. तो खराखुरा साप आहे, पण वीतभरही क्वचित वाढणारा, बिनविषारी आणि माणसाला चावण्याइतकं तोंडच नसलेला. मुंग्या आणि वाळवीची अंडी, अळ्या हे त्याचं खाणं. गांडूळ आणि वाळा यांत फरक करायचा तर अंग बघा: गांडुळाच्या अंगावर कड्या असतात, ते बुळबुळीत असतं आणि आखडत-पसरत सरकतं. वाळ्याचं अंग कोरडं, चकाकतं, कड्या नसलेलं असतं आणि तो वळवळत भराभर पळतो. वाळा कानात शिरतो ही समजूत खोटी आहे. बाथरूममध्ये दिसणाऱ्या या सामान्य वाळ्याच्या जातीत फक्त माद्याच असतात आणि त्या नराशिवाय अंडी घालतात. एखादाच कुंडीच्या मातीतून घरी आला तरी पुढच्या वर्षी चार दिसतात ते यामुळे. कागदाच्या तुकड्यावर घेऊन बागेत सोडा, सर्पमित्राला बोलवायची गरज नाही. तरीही खात्री नसेल, अंग पेन्सिलीपेक्षा जाड असेल किंवा मानेपासून डोकं वेगळं दिसत असेल, तर तो वाळा नाही असं धरा.

भांड्यातला साप कोणता असू शकतो

सगळ्यांत जास्त शक्यता असलेल्यांत दिवड येते. अंगावर पटासारखे काळे ठिपके, डोळ्याखालून आणि मागे तिरप्या दोन काळ्या रेघा. बिनविषारी, पण तापट: चिडली की मान चपटी करते, आणि पाण्यातून अर्धं अंग वर काढलेली दिवड बघून लोक नाग म्हणून ओरडतात. चावली तर बऱ्यापैकी रक्त येतं. धामण मोठी असते, सहा फुटांच्याही पुढे जाते. तिचं नुसतं अंग दिसलं तर तीही नाग वाटते.

खरी फसगत होते ती कवड्या आणि मण्यार यांच्यात. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात, पुढच्या भागात ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारच्या काळ्या-निळसर अंगावर बारीक पांढरे पट्टे असतात, बहुधा जोडीजोडीने, आणि ते मानेपाशी पुसट किंवा नसलेले, शेपटीकडे ठळक असतात. फरक नेमका उलटा आहे. पण ओल्या भांड्यात, अर्धं अंग पाण्याखाली आणि वर पिवळा दिवा असताना हा फरक बघून निर्णय घेऊ नका. मण्यार भारतातल्या अति विषारी सापांपैकी आहे. ओळख लागली नाही की विषारीच समजायचं, यात काहीच नुकसान नाही.

एक घर घेऊन बघू

समजा, कोकणातलं एक बैठं घर, मागे वाडी, महिना जुलै. सकाळी साडेपाचला भांड्याच्या गळ्यात सापाच्या अंगाचा मधला भाग दिसतो. डोकं खाली, शेपटी खाली, दिसतं फक्त पाण्याबाहेर आलेलं वेटोळं.

घरच्यांनी दार लावलं, टॉवेल कोंबला, फोन केला. सर्पमित्र आला आणि त्याने साप ओढला नाही. हे घरच्यांनी समजून घ्यायला हवं, कारण ‘शेपटी धरून काढा ना’ असा आग्रह तेच करतात. वळणात अडकलेला साप ओढला की अंग आणखी दाबतो, बरगड्या आणि मणके मोडतात, आणि डोकं कुठून बाहेर येईल हे ओढणाऱ्यालाही माहीत नसतं. त्याने आधी मागच्या अंगणात जाऊन भिंतीपासून पाच फुटांवरचं चेंबर उघडलं. झाकण उघडून थोडा वेळ बाजूला थांबला, आत वाकला नाही, काडी ओढली नाही. सेप्टिक टँकच्या लाइनमध्ये विषारी आणि पेटणारा वायू साठतो. मग बॅटरीने बघितलं. चेंबरमधल्या पाइपाच्या तोंडाला कापडी पिशवी बसवली, आणि आतल्या माणसाने भांड्यात अर्धी-अर्धी बादली साधं पाणी सावकाश, थांबत-थांबत सोडलं. लोंढ्याने साप दाबून धरतो, पण हळू पाण्यात अस्वस्थ होऊन शांत बाजूला सरकतो. तो सरकत पिशवीत आला. दिवड होती. स्वच्छ पाण्याने धुऊन तिला जवळच्याच ओढ्याकाठी सोडलं. हे नुसतं वाचून घरच्यांनी करायचं काम नाही. पण समोर काय चाललंय हे कळलं तर घाई कोणी करणार नाही.

आता वाट. चेंबरच्या झाकणाचा एक कोपरा फुटलेला, त्याखाली पोकळ माती आणि घुशीने उकरलेला ढिगारा. शिवाय कपडे धुण्याच्या जागेचा दोन इंची पाइप त्याच चेंबरला जोडलेला, आणि त्याचं बाहेरचं टोक उघडं. म्हणजे दोन वाटा.

दुरुस्ती अशी. फुटकं झाकण बदललं आणि चौकटीच्या खाचेत ग्रीस आणि वाळू कालवून भरली, म्हणजे झाकण घट्ट बसतं पण पुढे उघडताही येतं. सिमेंटने कायमचं बंद केलं की तुंबल्यावर फोडावं लागतं आणि फोडलेलं कुणी नीट बुजवत नाही. पाइप चेंबरच्या भिंतीत शिरतो तिथली फट एक भाग सिमेंट, तीन भाग वाळूच्या मालाने बुजवली. घुशीचं बीळ नुसत्या मातीने बुजवलं तर आठवड्यात पुन्हा उकरलं जातं, म्हणून आत फुटक्या विटांचा चुरा आणि खडी ठासून वरून माल लावला. धुण्याच्या जागेच्या पाइपाला वाकडा ट्रॅप आणि जाळी बसवली. सेप्टिक टँकच्या हवेच्या नळीवर टोपी आणि तिच्या आत गंज न लागणारी डासांची जाळी तारेने बांधली.

इतकं करून पुन्हा उंदीर किंवा साप दिसला, तरच चार इंची नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवायचा विचार करा. त्यात एक झडप असते, पाणी बाहेर जाताना उघडते आणि मग आपल्या वजनाने मिटते. तो भांडं आणि चेंबर यांच्यामध्ये, पण हात पोहोचेल अशाच जागी, म्हणजे चेंबरमधल्या पाइपाच्या तोंडावर बसवावा. जमिनीत गाडला तर एखादं सॅनिटरी नॅपकिन किंवा ओला टिश्यू झडपेत अडकतो, झडप अर्धी उघडी राहते आणि कुणाला कळत नाही. दर तीन महिन्यांनी उघडून धुवावा लागतो. हे जमणार नसेल तर बसवू नका. आणि भांड्याच्या मुख्य पाइपात जाळी कधीच लावू नका, पंधरा दिवसांत लाइन तुंबते.

बाथरूमच्या जाळीचं काम सोपं आहे. बेसिनचा पाइप जिथं जमिनीच्या भोकात नुसता खोचलेला असतो तिथली गोल फट आधी बुजवा. रबरी वायसर किंवा पांढरं सिमेंट चालतं. ही फट जवळजवळ प्रत्येक घरात असते आणि नजरेतून सुटते. जाळीखाली बारीक भोकांचं स्टीलचं गाळणं ठेवलं तर वाळाही अडतो, मात्र आठवड्याला केस काढावे लागतात. महिनाभर घर बंद ठेवून जाणार असाल तर ट्रॅपमधलं पाणी आटतं. जाताना बाथरूमच्या प्रत्येक जाळीत एक बादली पाणी आणि वर दोन चमचे खाद्यतेल सोडा; तेलाच्या थरामुळे पाणी हळू आटतं. तेलानेही साप थांबत नाही, पण वास आणि झुरळं थांबतात. परत आल्यावर पहिल्यांदा संडासात जाताना आधी दिवा, मग बॅटरीने भांडं, बादली आणि दाराची मागची बाजू बघून मगच आत.

परसातलं वेगळं शौचालय असेल, साप भांड्यात असेल आणि मदत दोन तास येणार नसेल, तर दार उघडं ठेवून सगळ्यांनी लांब व्हावं. बसकं भांडं जमिनीच्या पातळीत असतं, शांतता मिळाली की साप बहुधा स्वतःच निघून जातो. तो गेल्याची खात्री करून मगच चेंबर तपासा.

चावलाच तर

बसलेल्या माणसाला मांडीवर किंवा कुल्ल्यावर चावा बसू शकतो. तिथं दोरी बांधता येत नाही, आणि बांधायची नसतेच. कापणं, चोखणं, बर्फ, तंबाखू, मंत्र यांत वेळ घालवू नका. माणसाला आडवं करा, हालचाल थांबवा, घट्ट कपडे आणि अंगठ्या काढा, १०८ ला फोन करा आणि प्रतिसर्पविष असलेल्या सरकारी रुग्णालयात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर तेच एक औषध चालतं, त्यामुळे साप मारून बरोबर नेण्याचं कारण नाही.

मण्यारच्या चाव्याची वेगळी काळजी घ्या. तो दुखत नाही, सुजत नाही, दाताची खूणही कित्येकदा दिसत नाही. रात्री संडासात काहीतरी टोचल्यासारखं वाटलं आणि काही तासांत पोटात दुखू लागलं, पापण्या जड झाल्या, गिळायला त्रास होऊ लागला, तर साप दिसला नसला तरी रुग्णालयात जा आणि डॉक्टरांना ‘साप असू शकतो’ हे स्पष्ट सांगा. खूण नसली तरी निदान चोवीस तास देखरेखीखाली राहावं लागतं. ‘काही नाही, चला घरी’ असं म्हणून लवकर परतू नका.